बऱ्याच महिन्यांनी ग्रुपवर परत येताना



आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर घरच्यांचा एक ग्रुप असतो. कुणाचा साक्री तालुक्यातल्या भाऊबंदांचा, कुणाचा नवापूर-नंदुरबारकडच्या मामा-मावशांचा, कुणाचा शाळेतल्या दोस्तांचा. कडोदऱ्यात राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी हा ग्रुप म्हणजे गावची ओसरी. चार रस्त्यावरून धुळ्याची गाडी पकडायला दिवाळीच उजाडावी लागते, पण ओसरीवर काय चाललंय ते रोज कळतं. तरीही असं होतं की एखादा माणूस तीन-चार महिने, कधी सहा महिने तिथे एक अक्षर लिहीत नाही. पाळी बदलते, फोन बिघडतो, घरात आजारपण येतं, किंवा नुसतंच राहून जातं. मग जितके दिवस जास्त जातात तितकं परत लिहिणं जड होतं. "आता एवढ्या दिवसांनी काय लिहू?" असं म्हणत आणखी महिना जातो.

ही अडचण आम्हाला अनेक घरांत दिसते, म्हणून इथे तिच्याबद्दल सविस्तर लिहीत आहोत. परत यायचं कसं, आधी काय बघायचं, पहिला मेसेज कसा असावा आणि त्यानंतर काय करायचं, एवढंच सांगायचं आहे.

जुन्या पत्रांत ही सोय होती

ही अडचण नवी वाटते, पण आपल्या आजी-आजोबांनाही ती होती. सुरतेला कामाला आलेला माणूस तेव्हाही महिनोन्‌महिने पत्र लिहीत नसे. फरक एवढाच की त्याच्याजवळ परत येण्याचा बांधलेला रस्ता होता. पोस्टकार्डावर वर "तीर्थरूप" आणि "शि. सा. न. वि. वि." लिहिलं की मोठ्यांना नमस्कार झाला. पुढे "इकडील सर्व क्षेम" म्हटलं की आपली खुशाली झाली. मग "पत्रास कारण की" असं म्हणून मुद्दा, आणि शेवटी लहानांना आशीर्वाद, "कळावे, लोभ असावा". बरेच दिवस पत्र नव्हतं याबद्दल एखादी ओळ असे, पण तीही ठरलेलीच. त्यामुळे उशिराचं ओझं लिहिणाऱ्यावर येत नसे. मायना धावून येई.

पत्रात आणखी एक गोष्ट होती. लग्नाच्या पत्राच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं असे, म्हणजे उघडण्याआधीच शुभवार्ता कळे. ग्रुपवर असं काही नाही. कुणाच्या निधनाची बातमी, वाढदिवसाचा केक, बाजारभाव आणि सकाळचे फुलांचे फोटो एकाच रांगेत, एकाच आकारात येतात. चार महिने न बघितलेल्या ग्रुपमध्ये महत्त्वाची बातमी कुठे दडली आहे ते वरून दिसत नाही. म्हणून परत येणाऱ्याला दोन कामं स्वतः करावी लागतात. एक म्हणजे महत्त्वाचं शोधून काढणं, आणि दुसरं म्हणजे स्वतःचा मायना बांधणं. अवघडलेपण बहुतेक वेळा पहिलं काम न करता दुसरं केल्यामुळे येतं.

आधी बघा: आपण अजून ग्रुपमध्ये आहोत का?

हे हास्यास्पद वाटेल, पण इथूनच सुरुवात करावी. व्हॉट्सॲपवर साधारण 120 दिवस खातं वापरलंच गेलं नाही तर ते काढून टाकलं जातं, आणि त्याबरोबर सगळ्या ग्रुपमधून आपलं नावही जातं. फोन बंद पडून चार महिन्यांहून जास्त झाले असतील तर हे झालेलं असू शकतं. नंतर त्याच नंबरावर खातं पुन्हा सुरू केलं तरी ग्रुप आपोआप परत येत नाहीत. ॲडमिनला सांगून पुन्हा घ्यावं लागतं. घरात कुणी "मला ग्रुपमधून काढून टाकलं" म्हणून मनाला लावून घेण्याआधी हे तपासावं. बऱ्याचदा कुणीच काढलेलं नसतं.

फोन महिनाभराहून जास्त बंद होता पण खातं टिकलं, तर वेगळी गोष्ट होते. न पोहोचलेला मेसेज कंपनीकडे साधारण 30 दिवस राहतो, मग पुसला जातो. म्हणजे मधला काही काळ आपल्या फोनवर कधीच येणार नाही. वर कितीही सरकवलं तरी ती बातमी सापडणार नाही. अशा वेळी ग्रुपमधल्या एका जवळच्या माणसाला फोन करून मधल्या महिन्यांचं विचारून घेणं हाच मार्ग आहे. आपल्याकडे हे काम बहुतेक एखादी वहिनी किंवा मावशी उत्तम करते. तिला सगळं तारखेसकट माहीत असतं.

नंबर बदलला असेल तर जास्त काळजी घ्यावी. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये नंबर बदलण्याची सोय आहे. ती वापरली तर ग्रुपमध्ये आपोआप कळतं आणि नाव तसंच राहतं. पण पुष्कळ लोक सरळ नवं सिम घालून नवं खातं उघडतात. मग जुना नंबर ग्रुपमध्ये पडून राहतो, आणि बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच ग्राहकाला मिळू शकतो. घरच्या ग्रुपमध्ये परका माणूस बसलेला असणं बरं नाही. म्हणून परत येताना ॲडमिनला जुना नंबर काढायला सांगावा.

नव्या नंबरावरून अचानक "मी बोलतोय, हा माझा नवा नंबर" असा मेसेज आला तर हल्ली शहाणी माणसं सावध होतात, आणि व्हावंच, कारण असंच लिहून पैसे मागणारे ठग आहेत. म्हणून नव्या नंबरावरून परतताना आधी दोन जणांना प्रत्यक्ष फोन करावा आणि ग्रुपवर दहा सेकंदांचा आवाजाचा मेसेज टाकावा. आवाज घरचे ओळखतात. त्या पहिल्या आठवड्यात पैशांचा विषय कुठेही काढू नये, खरी गरज असली तरी. ती फोनवर सांगावी.

न वाचणारा आणि वाचून गप्प राहणारा

गप्प राहिलेल्यांचे दोन प्रकार असतात, आणि दोघांची परतीची वाट वेगळी असते. पहिला म्हणजे ज्याने ग्रुप म्यूट करून किंवा अर्काइव्हमध्ये टाकून खरोखरच बघितला नाही. दुसरा रोज वाचतो, पण लिहीत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या लोकांना एक गोष्ट ठाऊक नसते. समोरासमोरच्या गप्पांमध्ये निळ्या खुणा बंद करता येतात, पण ग्रुपमध्ये करता येत नाहीत. ग्रुपमध्ये मेसेज टाकणारा आपल्या मेसेजवर बोट दाबून 'इन्फो' उघडतो तेव्हा कुणी वाचलं आणि कुणापर्यंत फक्त पोहोचलं, अशी नावांची यादी दिसते. म्हणजे आपण रोज वाचत होतो हे घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या पोरापोरींना माहीत असू शकतं. त्यामुळे "अरे, मी ग्रुप बघितलाच नाही" हे सोयीचं वाक्य तेव्हाच लिहावं, जेव्हा ते खरं असेल. वाचून गप्प असलेल्याने सरळ लिहावं: "वाचत होतो सगळं, लिहायचं राहत होतं." यात कमीपणा काही नाही. उलट घरच्यांना बरं वाटतं की आपलं बोलणं कुणीतरी ऐकत होतं.

याच माहितीचा उलटा उपयोगही आहे. आपला मेसेज टाकल्यावर खुणा करड्याच राहिल्या म्हणून मन खट्टू करून घेऊ नये. ग्रुपमध्ये दोन्ही खुणा निळ्या व्हायला प्रत्येकाने वाचावं लागतं. चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये एखाद्या आजोबांचा फोन कपाटात असतोच.

लिहिण्याआधी अर्धा तास

सगळे मेसेज वाचायची गरज नाही. दोन-अडीच हजार मेसेज कुणी वाचू शकत नाही, आणि त्यातले बहुतेक शुभ सकाळचेच असतात. ग्रुप उघडून शोधायच्या चौकटीत काही ठरावीक शब्द टाकावेत. आम्ही सुचवतो तो क्रम असा.

सर्वांत आधी दुःखाच्या बातम्या. "निधन", "दुःखद", "श्रद्धांजली", "दशक्रिया" आणि आपल्या खानदेशातला "गंधमुक्ती" हे शब्द शोधावेत. इंग्रजी अक्षरांत लिहिणारेही असतात, म्हणून `RIP` सुद्धा टाकून बघावं. मग "दवाखाना", "ऑपरेशन", "ॲडमिट". मग आनंदाच्या बातम्या: "साखरपुडा", "हळद", "लग्न", "बारसं", "अभिनंदन", "निकाल". शेवटी स्वतःचं नाव शोधावं. मधल्या काळात कुणी आपली चौकशी केली असेल, काही विचारलं असेल, तर ते आधी कळायला हवं. त्याचं उत्तर न देता नमस्कार टाकला तर विचारणाऱ्याला ते लागतं.

शब्द सापडला की त्याच्या मागचे-पुढचे वीस-पंचवीस मेसेज वाचावेत. कुणाचं काय झालं, कोण गावाला गेलं होतं, आता तब्येत कशी आहे एवढं कागदावर टिपून घ्यावं. यादी चार-पाच ओळींच्या वर जात नाही.

दुःखाची बातमी सापडली तर ग्रुपवर काहीही लिहिण्याआधी त्या घरी फोन करावा. हा मुद्दा आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तीन महिन्यांपूर्वीच्या निधनावर आज ग्रुपवर "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलं तर घरच्यांची जखम पुन्हा चाळीस जणांसमोर उघडी होते, आणि लिहिणाऱ्याचा उशीरही. फोनवर मात्र उशीर चालतो. "ग्रुप बघत नव्हतो, आज वाचलं. यायला हवं होतं, आलो नाही" एवढं बोलून मग ऐकत राहावं. त्या माणसाला सांगायचं असतं. दिवाळीला किंवा आखाजीला गावी गेल्यावर त्या घरी आधी जाऊन यावं.

हे न केल्याने काय होतं तेही सांगतो. माणूस पाच महिन्यांनी दिवाळीच्या दिवशी ग्रुपवर येतो आणि फटाक्यांचं चित्र टाकून एकेकाचं नाव घेत शुभेच्छा देतो. त्यात जिच्या घरी पहिला सण दुखवट्याचा आहे ती आत्याही येते. कुणी काही बोलत नाही, पण ते लक्षात राहतं. त्याने मुद्दाम केलेलं नसतं. त्याने फक्त अर्धा तास दिलेला नसतो.

वेळ कोणती निवडावी

पुष्कळांना वाटतं की सणाच्या दिवशी परत येणं सोपं. संक्रांतीला तिळगुळ, दसऱ्याला सोनं, हे आपल्याकडे दुरावा मिटवण्याचेच दिवस आहेत. प्रत्यक्ष भेटीत ते खरंच आहे. दारात आपट्याची पानं घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी "इतके दिवस कुठे होतास" म्हणून अडवत नाही. ग्रुपवर मात्र सणाच्या दिवशी पन्नास-साठ चित्रं येतात, आणि त्यात आपला नमस्कार वाहून जातो. अवघडलेपण टळतं हे खरं, पण आपण परत आलो हे कुणाला कळतच नाही. पुढच्या वेळी लिहिताना अडचण तिथल्या तिथे उभी असते.

म्हणून सणाचा दुसरा किंवा तिसरा दिवस चांगला. वातावरण गोड असतं आणि गर्दी ओसरलेली असते. सण जवळ नसेल तर कुठल्याही साध्या दिवशी रात्री साडेआठ-नऊची वेळ बरी. गावाकडची जेवणं झालेली असतात आणि मंडळी फोन हातात घेऊन बसलेली असतात. कडोदऱ्यातल्या गिरण्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. रातपाळीचा माणूस सकाळी घरी येऊन सहा-सातला लिहितो, तेव्हा त्याचा मेसेज सकाळच्या सुविचारांच्या ढिगाखाली जातो. त्याने सुट्टीच्या संध्याकाळपर्यंत थांबावं.

ग्रुपवर कुणाच्या आजाराची चर्चा चालू असेल, किंवा त्याच दिवशी निधनाची बातमी आली असेल, तर आपलं परतणं पुढे ढकलावं. अशा वेळी आलंच पाहिजे तर फक्त त्या विषयापुरतं यावं.

पहिला मेसेज

पहिला मेसेज चार ओळींचा असावा, आणि प्रत्येक ओळीला एक काम असावं. पत्राच्या मायन्यासारखंच.

पहिली ओळ नमस्काराची. घरच्या ग्रुपमध्ये तीन पिढ्या असतात, म्हणून "हाय ऑल" इथे कोरडं लागतं. "सगळ्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना गोड पापा" किंवा नुसतं "राम राम मंडळी" पुरतं. सासरच्या ग्रुपमध्ये लिहिणाऱ्या सुनेने सासरे, जाऊ, नणंद असं एकेक नाव घेत बसू नये. एखादं सुटलं की तेवढंच दिसतं. "सर्वांना नमस्कार" सुरक्षित आहे.

दुसरी ओळ कारणाची, आणि ती एकच ओळ असावी. लांबलचक माफी मागितली की वाचणाऱ्यांना उत्तरादाखल "असू दे, असू दे" म्हणावं लागतं. सगळी गप्पांची वेळ त्यातच जाते आणि आपली गैरहजेरी हाच विषय होऊन बसतो. कारण खाजगी असेल, घरात आजारपण, नोकरीची ओढाताण, मनाची उदासी, तर ते सांगायची सक्ती नाही. "मधे थोडं अडचणीचं गेलं, आता बरं आहे" एवढं पुरे. "आता बरं आहे" हे शब्द मात्र खरे असतील तरच घालावेत, नाहीतर जवळच्या एकाला फोन करावा.

तिसरी ओळ वाचल्याची खूण देणारी. ग्रुपमधल्या एखाद्या ताज्या, आनंदाच्या गोष्टीचा नावासकट उल्लेख करावा. यातून न सांगता कळतं की हा माणूस आपल्यात परत आला आहे.

चौथी ओळ प्रश्नाची, आणि प्रश्न एका ठरावीक माणसाला असावा, एका शब्दात उत्तर देता येईल असा. "कसे आहात सगळे?" हा प्रश्न चाळीस जणांना असतो, म्हणून त्याचं उत्तर देणं कुणाचंच काम नसतं. दोन अंगठे येतात आणि शांतता पसरते. लिहिणाऱ्याला वाटतं आपलं कुणालाच काही नाही. खरं तर प्रश्नच चुकलेला असतो.

दोस्तांच्या ग्रुपमध्ये हे चारही भाग एका ओळीत येतात, आणि नमस्काराची जागा टोमणा घेतो. तिथे फार सभ्य लिहिलं तरच दोस्तांना काळजी वाटते.

भाषेचंही सांगायला हवं. आपली बरीच मुलं गुजराती माध्यमात शिकली आहेत आणि देवनागरी सावकाश वाचतात. घरी जी अहिराणी, मराठी किंवा मिसळलेली बोली बोलतो तिच्यातच लिहावं, किंवा आवाजात सांगावं. एरवी कधी न वापरलेली छापील मराठी अचानक लिहिली तर ती दुसऱ्याने लिहून दिल्यासारखी वाटते.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू

उदाहरणासाठी एक घर डोळ्यांसमोर आणू. मुलगा तिशीचा, कडोदऱ्यात कापडाच्या डाइंग-प्रिंटिंगच्या कामावर. घरच्यांच्या ग्रुपमध्ये 41 जण: गावाकडे काका, नंदुरबारला आत्या, उधन्याला चुलतभाऊ, पुण्यात एक चुलत बहीण. आखाजीनंतर त्याची रातपाळी लागली, फोनचा काच फुटला, नवा फोन आला तेव्हा ग्रुप म्यूट करून ठेवला. बघता बघता गणपती होऊन गेले.

पहिल्यांदा त्याच्या मनात आलेला मेसेज असा: "हाय ऑल, सॉरी सॉरी, खूप बिझी होतो, सगळ्यांना खूप मिस केलं, कसे आहात सगळे?" यात वाईट काही नाही, पण धरायला काही नाही.

त्याऐवजी तो सुट्टीच्या दिवशी दुपारी शोधायला बसतो. तीन गोष्टी सापडतात. आषाढात आत्याचे यजमान गेले. पुण्याच्या बहिणीचा साखरपुडा झाला. काकांनी ऑगस्टमध्ये त्याचं नाव घेऊन विचारलं होतं, "कडोदऱ्याचा पत्ता कुठाय?" तो आधी आत्याला फोन करतो. पंधरा मिनिटं आत्याच बोलते. मग संध्याकाळी काकांना फोन करतो, दोन मिनिटं. मग रात्री पावणेनऊला ग्रुपवर लिहितो:

"सगळ्या मोठ्यांना नमस्कार. आखाजीपासून रातपाळी होती आणि ग्रुप म्यूट करून ठेवला होता, आज मागचं वाचून काढलं. ताई, साखरपुड्याचे फोटो आत्ता बघितले, हिरवी साडी तुला फार छान दिसली. तारीख नोव्हेंबरची की डिसेंबरची? मला सुट्टी आधी मागावी लागते."

आत्याच्या दुःखाचा उल्लेख यात नाही, कारण ते काम फोनवर झालं आहे. काकांना उत्तरही आधीच मिळालं आहे, म्हणून त्यांच्याकडून इथे झडती होत नाही. प्रश्न ताईला आहे, तिलाच उत्तर ठाऊक आहे, आणि सुट्टीचं कारण खरं असल्यामुळे प्रश्न बनावट वाटत नाही. ताई तारीख लिहिते, तारखेवरून गाडीचा विषय निघतो, उधन्याचा भाऊ "बरोबरच जाऊ" म्हणतो. पाच मिनिटांत बोलणं लग्नावर गेलेलं असतं, गैरहजेरीवर नाही.

टोमणा आला तर

कुणीतरी म्हणणारच: "आलं का उंबराचं फूल!" किंवा "हा नंबर कुणाचा, सेव्ह नाही माझ्याकडे." आपल्या घरांत हे प्रेमाचंच बोलणं असतं. ज्याच्यावर राग असतो त्याला कुणी टोमणा मारत नाही, गप्प राहतात. म्हणून उत्तर एका ओळीचं आणि हसरं द्यावं, "आलं काका, आता झाडालाच बांधून ठेवा", आणि पुढच्या बोलण्याकडे वळावं. खुलासा देत बसलं की टोमण्याची तक्रार होते.

घाईत चुकीचं काही लिहिलं गेलं तर पहिल्या 15 मिनिटांत मेसेज दुरुस्त करता येतो. पुसून टाकण्यापेक्षा दुरुस्त करणं बरं. पुसलं की मेसेज काढून टाकल्याची खूण तिथे राहते, आणि एवढ्या दिवसांनी आलेल्या माणसाने काय लिहून पुसलं याची चर्चा दुसऱ्या दिवसापर्यंत चालते.

उत्तरच आलं नाही तर दुसऱ्या दिवशी तोच नमस्कार पुन्हा टाकू नये. ज्याला प्रश्न विचारला होता त्याला फोन करावा, आणि ग्रुपवर दुसऱ्या कुणाच्या बातमीला दोन शब्दांत दाद द्यावी.

भांडणातून गप्प झालो असू तर

आतापर्यंतचं सगळं राहून गेलेल्यांसाठी होतं. जमिनीच्या वाटणीवरून, लग्नातल्या मानपानावरून किंवा निवडणुकीच्या वादावरून कुणी गप्प झालं असेल तर वरचा मेसेज तिथे चालणार नाही. ज्याच्याशी वाजलं होतं त्याच्याशी आधी बोलणं व्हावं, फोनवर किंवा समोर. वाद मिटायलाच हवा असं नाही. "ग्रुपवर मी येतोय, तो विषय तिथे नको" एवढं दोघांत ठरलं तरी पुरतं. हे न करता आलेल्या नमस्काराला बाकीचे उत्तर देताना बिचकतात, कारण उत्तर दिलं म्हणजे बाजू घेतली असं होतं. त्या माणसाचा फोन लागत नसेल तर दोघांनाही मानणाऱ्या वडीलधाऱ्याने निरोप द्यावा. आणि त्या माणसाने ग्रुपवर साधं "नमस्कार" लिहिलं तरी ते पुष्कळ समजावं.

पुढचे पंधरा दिवस

एका मेसेजने परतणं पूर्ण होत नाही. त्यानंतर पुन्हा महिनाभर शांतता झाली तर पुढची वाट पहिल्यापेक्षा अवघड होते. पंधरा दिवसांत चार-पाच वेळा दुसऱ्यांच्या गोष्टीला उत्तर द्यावं, एक-दोन शब्दांचं चालेल. स्वतःची एखादी साधी बातमी टाकावी: घरी बसवलेली कानबाई, मुलीचं शाळेतलं चित्र, पावसात तुंबलेला रस्ता. रोज लिहिण्याची प्रतिज्ञा करू नये, ती टिकत नाही. ग्रुपचा गोंगाट सोसत नसेल तर म्यूट खुशाल ठेवावं. @ लावून नाव घेऊन कुणी बोलावलं तर म्यूट असतानाही कळतं. अर्काइव्हमध्ये मात्र टाकू नये. तिथे गेलेला ग्रुप नवे मेसेज आले तरी वर येत नाही आणि विसरला जातो. आठवड्यातून एक वार ठरवून, सुट्टीच्या दिवशी, वर सांगितलेले शब्द शोधले तरी घरातलं महत्त्वाचं काही सुटत नाही.

आणि ज्यांच्या ग्रुपवर असं कुणी परत येईल त्यांनाही एक विनंती. पहिलं उत्तर चौकशीचं नको, नमस्काराचं असू द्या. कुठे होता ते तो सावकाश सांगेल.

कळावे, लोभ असावा.